40 बाय 60 चा मांडव: कापड किती, बांबू किती?

मंडळी, लग्नाचा मांडव 40 फूट रुंद आणि 60 फूट लांब हवा, असं कुणी सांगितलं की बहुतेकजण लगेच गुणाकार करतात. 2400 चौरस फूट. बाजारात मिळणाऱ्या कापडाचा पन्हा 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. 2400 ला पावणेचारने भागलं की उत्तर येतं 640 फूट. हिशोब बिनचूक आहे, पण एवढंच कापड आणलं तर मांडव पुरा झाकला जाणार नाही. कापड क्षेत्रफळाने लागत नाही, पट्ट्यांनी लागतं.

आधी छताचा आकार ठरवू. सपाट छत नको. मधोमध आढं 14 फुटांवर आणि दोन्ही कडा 10 फुटांवर ठेवल्या की दोन्ही बाजूंना उतार मिळतो. उतारामुळे कापड फार वाढेल अशी भीती असते, ती फोल आहे. 20 फुटांच्या आडव्या अंतराला उतारावरची लांबी साडेवीस फूटही होत नाही. दोन्ही बाजू मिळून 40 चे जेमतेम 41 फूट होतात. कापड वाढतं ते शिवणीत, कडांत आणि आटण्यात.

पट्टे कोणत्या दिशेने घालायचे? लांबीच्या दिशेने घातले तर थोडं कापड वाचतं, हे मी हिशोब करून पाहिलं आहे. तरी मी ते आडवेच, म्हणजे एका कडेवरून आढ्यावर आणि तिथून दुसऱ्या कडेपर्यंत घालीन. असं केलं की शिवणी उताराच्या दिशेने उतरतात. शिवणी उताराला आडव्या गेल्या तर पाणी प्रत्येक शिवणीपाशी अडतं. शिवाय कापड ताणायचं असतं आढ्यावरून कडेकडे, आणि तो ताण ताण्याच्या धाग्यांवर यावा, शिवणीच्या टाक्यांवर नाही.

आता मोजू. प्रत्येक पट्ट्याची लांबी 41 फूट, दोन्ही टोकांना दुमडून नाड्या शिवायला एकेक फूट, झाले 43. सुती कापड पहिल्यांदा भिजलं की आटतं, त्यासाठी आणखी 2 फूट. म्हणजे पट्टा 45 फुटांचा. पट्टे किती? शिवणीत प्रत्येक काठाला एक इंच जातो, म्हणून 45 इंचांचा पन्हा कामाला येतो 43 इंच. मांडवाची लांबी 60 फूट आणि टोकांच्या दुमडी 2 फूट, मिळून 744 इंच. 43 ने भागलं तर 17 पट्टे आणि वर थोडं. ते थोडं म्हणजे अख्खा अठरावा पट्टा, कारण अर्धवट पन्हा कुणी विकत नाही. आटून पन्ह्यातला एखादा इंच गेला तरी 18 पुरतात, हेही तपासून घ्या. 18 गुणिले 45, म्हणजे 810 फूट, अंदाजे 247 मीटर. 640 मध्ये आणि यात 170 फुटांचा फरक आहे, म्हणजे जवळपास चार पट्टे. हे कापड फक्त छताचं. बाजूच्या कनातींचा हिशोब वेगळा, पण रीत हीच.

बांबूंची गोष्ट वेगळी आहे. खांब साधारण 10-10 फुटांवर असावेत. रुंदीत 4 गाळे, लांबीत 6 गाळे. अनेकजण इथे 4 गुणिले 6 करून 24 खांब म्हणतात. पण 4 गाळ्यांना 5 ओळी लागतात आणि 6 गाळ्यांना 7. म्हणून खांब 35. कडेच्या दोन ओळींतले 14 खांब 10 फूट उंच, आतल्या दोन ओळींतले 14 खांब 12 फूट आणि आढ्याखालचे 7 खांब 14 फूट. जमिनीत 2 फूट आणि वर बांधायला अर्धा फूट धरला की लांबी होते साडेबारा, साडेचौदा आणि साडेसोळा. बुंधा खाली, शेंडा वर. वरचा काप गाठीच्या लगेच वर घ्यावा. गाठीपासून लांब पोकळ पेरात कापलं तर दोरी आवळताना बांबू चिरतो.

20 फुटी बांबूतून साडेबारा फुटांचा खांब कापला की साडेसात फुटांचा तुकडा उरतो. त्याचे दोन खुंटे होतात. ताणदोऱ्यांना खुंटे लागतात 24: परिघावर 20 खांब, त्यातल्या चार कोपऱ्यांना दोन-दोन दोऱ्या. 14 तुकड्यांतून 28 खुंटे निघतात, म्हणून खुंट्यांसाठी वेगळा बांबू घेऊ नका. साडेचौदाच्या खांबांचे उरलेले साडेपाच फुटी तुकडेही टाकू नका, ते आत्ताच लागतील.

लांबीच्या दिशेने आडवे बांबू, 5 ओळी, प्रत्येकी 60 फूट. 20 फुटांचे तीन बांबू बरोबर 60 भरतात, पण टोकाला टोक लागतं, एकमेकांवर चढत नाहीत. असा सांधा दोरीने टिकत नाही. तिथे उरलेल्या तुकड्याची जोडपट्टी लावा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांहून जास्त येईल अशी. एका ओळीत 2 सांधे, 5 ओळींत 10, आणि तुकडे आहेत 14. आडवे बांबू झाले 15.

कडेपासून आढ्यापर्यंतचे वासे मात्र फसवतात. उतार 20.4 फूट आणि बांबू 20 फूट. पाच इंच कमी पडतात. त्यासाठी लांब बांबू शोधत बसू नका. दोन्ही कडेच्या ओळी एकेक फूट आत घ्या, कापड बाहेर झुकू द्या. आता उतार 19.4 फूट होतो, आणि 14 वासे 20 फुटी बांबूतच बसतात. खांबांचं रुंदीतलं अंतर साडेनऊ फूट होतं, ते चालतं.

कोपऱ्यांना तिरके आधार 8, म्हणजे 4 बांबू. बेरीज: 35, 15, 14 आणि 4, एकूण 68. वर 7 जास्तीचे घ्या, कारण गाडीतून उतरवताना एखादा चिरलेला निघतोच. बांबू जमिनीवर टेकवून ठोकून पाहा. चांगला खणखणतो, चिरलेला फाटक्या आवाजात बोलतो.

हा मांडव सावलीचा आहे, पावसाचा नाही. साडेनऊ बाय दहाच्या एका गाळ्यात सरासरी एक इंच पाणी साचलं तरी 220 किलोंच्या वर भार होतो. कापड बांधून झालं की आढ्यावर एक बादली ओता. पाणी कडेला पोचलं नाही, तर जिथे थांबलं तिथे खालून दोरी ताणून कापड उचलायला हवं.

शेवटचा मुद्दा, जो नेहमी ऐन वेळी निघतो. आढ्याखालचा चौथा खांब नेमका मांडवाच्या मध्यावर, वधूवरांच्या जागेवर येतो. तो काढता येतो. आढ्याचे सांधे तिसऱ्या आणि पाचव्या खांबावर आहेत, त्यामुळे मधला बांबू सलग 20 फूट आहे. त्याच्या खाली आणखी एक बांबू एकावर एक असा दर तीन फुटांवर बांधून घ्या, शेजारी-शेजारी नाही, कारण वाकायला विरोध जाडीच्या उंचीने होतो. एक खांब गेला, एक आडवा आला, बेरीज 68 च राहिली. तिसरा किंवा पाचवा खांब काढायची गळ कुणी घातली, तर मात्र सरळ नाही म्हणा. तिथे सांधा अधांतरी लोंबेल.