लायब्ररी बंद, मीटर चालू

काय आहे, एनर्जी ऑडिटचा रिपोर्ट म्हटला की मुलं आधी एक्सेल उघडतात, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. मागे एका कॉलेजच्या मुलाने त्यांच्या लायब्ररीचा रिपोर्ट मला दाखवला, तोच आज सांगतो. नाव नको, पोरगा हुशार आहे.

त्याची लिस्ट अशी. ट्यूब 64, प्रत्येकी 36 वॅट. पंखे 40, प्रत्येकी 75. कॉम्प्युटर 12, प्रत्येकी 300. सगळं रोज 10 तास, वर्षाचे 300 दिवस. वॅट गुणिले तास गुणिले दिवस, भागिले हजार, झाले युनिट. ट्यूब 6912, पंखे 9000, कॉम्प्युटर 10800, टोटल 26712. गुणाकार एकदम बरोबर. मी एवढंच विचारलं की बाबा, लायब्ररीचा वेगळा सबमीटर आहे ना, तो काय म्हणतोय? तर म्हणे सर, तो कपाटामागे आहे, बघितला नाही.

मग आम्ही दोघं गेलो. 300 वॅट हा आकडा त्याने सीपीयूच्या मागच्या स्टिकरवरून घेतलेला, पण ती पॉवर सप्लायची कपॅसिटी असते, म्हणजे जास्तीत जास्त एवढं देऊ शकतो, रोज एवढं खातो असं नाही. प्लगमध्ये वॅटमीटर लावून कॉम्प्युटरवर पुस्तकांचा कॅटलॉग चालू ठेवला तर मॉनिटर धरून 80च्या आसपास. झाले 10800 चे 2880.

ट्यूबचं उलटं झालं. 36 वॅट नुसत्या नळीचे, जुना तांब्याचा चोक वेगळा खातो, दोन्ही मिळून 50 धरायचे. पण खिडकीकडच्या 20 ट्यूब संध्याकाळी तीनच तास लागतात, बाकी 44 दिवसभर. म्हणजे रोज 25 युनिट, वर्षाला 7500. तास कमी करूनही आकडा वाढला, बघा.

पंख्यांसाठी त्याला आठवडाभर दिवसातून तीनदा मोजायला लावलं, सरासरी 22 चालू निघाले. आणि 300 दिवस कुठून आणले विचारलं तर शिपाई मामाच मध्ये बोलले, "अहो सर, दिवाळीनंतर पंखे कोण लावतंय, पोरं स्वेटर घालून बसतात." त्यांच्या हिशेबाने 210 दिवस धरले, 3465 युनिट. रजिस्टरपेक्षा मामांना जास्त माहिती असते, हे मी अनुभवाने सांगतो.

आता दुरुस्त लिस्ट 13845 वर आली, जवळपास निम्मी, पोरगा खूश. पण पंखे चालू असतात त्या दिवसाचे लिस्टप्रमाणे 51 युनिट यायला हवे आणि मीटर दाखवतोय 64. तेरा युनिट कुठे गेले?

मी म्हटलं, संध्याकाळी 6 ला कुलूप लागलं की मीटरचा फोटो काढ, सकाळी 8 ला परत काढ. 14 तासांत 7 युनिट! म्हणजे बंद लायब्ररी रात्रभर सरासरी 500 वॅट खातेय. दुसऱ्या दिवशी सगळं बंद करून मीटरसमोर उभे राहिलो, त्यावर 3200 imp/kWh लिहिलेलं, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. दर दोनेक सेकंदाला लुकलुक चालूच. एकेक एमसीबी पाडत गेलो, चौथा पाडला आणि लुकलुक जवळजवळ थांबली, आणि बाहेर पॅसेजमधून कोणीतरी ओरडलं की अरे कूलर का बंद झाला! पाण्याचा कूलर, लायब्ररीच्या बाहेर पण लायब्ररीच्या लाइनवर, म्हणून कोणाच्याच लिस्टमध्ये नाही. उरलेली थोडी लुकलुक यूपीएसची.

रात्री 7 आणि दिवसा 6 असे 300 दिवस, आणि बंद असलेल्या 65 दिवसांना रोज 12, म्हणजे वर्षाला 4680 युनिट. खऱ्या 18525 मधले पाव! कूलरला टायमर लावला तर ते सगळे वाचत नाहीत हां, यूपीएस चालूच राहतो आणि सकाळी पाणी पुन्हा गार करायला थोडे परत जातात, पण सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पॅसेजमध्ये पाणी गार होणं तर थांबतं.

आणि मला जास्त काळजी वाटली ती त्याच्या शिफारशीची. त्याने लिहिलेलं, आधी सगळे पंखे 30 वॅटचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी करा, 5400 युनिट वाचतील. समजा पंखा 3000 ला आणि युनिट 10 रुपयाला, तर 1 लाख 20 हजार सव्वादोन वर्षांत वसूल. खऱ्या वापराने वाचतात 2079, म्हणजे वसुलीला पावणेसहा वर्षं. आणि ट्यूबच्या जागी 20 वॅटचे एलईडी लावून, चोक काढून, 4500 वाचतात, जे त्याच्या रिपोर्टमध्ये 3072 च होते आणि दुसऱ्या नंबरवर होते. प्रिन्सिपल सरांनी त्या कागदावर सही केली असती तर पैसे आधी पंख्यांत गेले असते.

त्याने रिपोर्ट पुन्हा लिहिला. पहिल्या पानावर आता तक्ता नाही, मीटरचे दोन फोटो आहेत, संध्याकाळचा आणि सकाळचा.