गुलाबी रंगाने भरलेले शंकुपात्र: एका छायाचित्राचे वाचन

पडद्यावर जे छायाचित्र आहे ते एका शाळेच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काढलेले आहे आणि त्याखाली विद्यार्थ्यांनी ‘अनुमापनाचा अंत्यबिंदू’ असे लिहिले आहे. अनुमापन म्हणजे माहीत तीव्रतेच्या द्रावणावरून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता शोधणे, आणि अंत्यबिंदू म्हणजे एक द्रावण दुसऱ्याला पुरते संपवते तेव्हा रंग बदलून कळणारा क्षण. चित्र देखणे आहे. स्टँडला पकडीने उभी धरलेली ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली आकड्यांची काचेची नळी, तिच्या टोकाखाली पांढरी टाइल, टाइलवर शंकुपात्र आणि त्या पात्रात काठोकाठ नव्हे पण नजर खिळवणारा गडद गुलाबी द्रव. आजचे माझे सगळे बोलणे या एका चित्रापुरते आहे आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की चित्राखालची ओळ चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे समजून घेताना उपकरणांचीही ओळख आपोआप होत जाईल.

प्रयोग ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांचा आहे. सोडिअम हायड्रॉक्साइड वजन करून अचूक तीव्रतेचे द्रावण करता येत नाही, कारण त्याच्या गोळ्या हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि तराजूवर ठेवल्या ठेवल्या त्यांचे वजन बदलू लागते. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्लाचे तसे नाही. ते शुद्ध मिळते, हवेत टिकते आणि वजन करून त्याचे नेमके द्रावण तयार होते. म्हणून आम्लाची तीव्रता माहीत आहे, अल्काची शोधायची आहे. या मुलांनी 0.05 मोलार ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने बरोबर 10 मिलिलीटर मोजून शंकुपात्रात घेतले, त्यात रंग बदलून खूण देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमध्ये सुमारे 0.1 मोलार सोडिअम हायड्रॉक्साइड भरले.

अल्क वर आणि आम्ल खाली, ही मांडणी डोळ्यांच्या सोयीची आहे. फिनॉल्फ्थॅलीन आम्लात रंगहीन आणि अल्कात गुलाबी असते. स्वच्छ पाण्यासारख्या द्रवात पहिली फिकट गुलाबी छटा उमटलेली चटकन कळते. गुलाबी रंग विरळ होत होत नेमका कधी नाहीसा झाला हे मात्र सांगणे अवघड असते. याच कारणाने खाली पांढरी टाइल ठेवतात. या मांडणीची एक किंमतही मोजावी लागते. काचेची तोटी असलेल्या ब्युरेटमध्ये अल्क तसेच राहू दिले तर काच काचेत घट्ट अडकून बसते, म्हणून प्रयोग संपताच ती धुवावी लागते.

ब्युरेटच्या वरच्या टोकाकडे पाहिले तर भरताना लावलेले नरसाळे अजून तिथेच आहे. त्याच्या दांड्याला चिकटलेला थेंब मध्येच खाली पडला, तर बाहेर गेलेले द्रावण जितके असते त्यापेक्षा वाचन कमी येते. तोटीखालच्या निमुळत्या टोकात हवेचा बुडबुडा आहे की नाही हे या चित्रात स्पष्ट दिसत नाही, पण प्रयोगाच्या वेळी ते पाहायलाच हवे. सुरुवातीला असलेला बुडबुडा मध्येच निघून गेला, तर त्याची जागा द्रावण घेते आणि जे द्रावण पात्रात पडलेच नाही तेही आपल्या हिशेबात धरले जाते.

धुण्याच्या बाबतीत एक फरक मुले नेहमी विसरतात. ब्युरेट आणि पिपेट शेवटी त्याच द्रावणाने खंगाळून घ्यायच्या असतात, नाहीतर आत राहिलेले पाणी द्रावण पातळ करते. शंकुपात्र मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचे. त्यात पाणी उरले तरी चालते, कारण आम्लाचे जितके रेणू पिपेटने आत गेले तितकेच तिथे आहेत. पाण्याने त्यांची संख्या बदलत नाही. तेच पात्र आम्लाने खंगाळले तर 10 मिलिलीटरच्या वर किती आम्ल आत राहिले हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता रंगाकडे वळू. ब्युरेटमधून थेंब पडतो तिथे क्षणभर गुलाबी रेघ उमटते आणि पात्र फिरवताच विरून जाते. थेंब पडला त्या जागी अल्क क्षणापुरते जास्त झालेले असते आणि ढवळल्यावर आम्ल त्याला संपवते. अंत्यबिंदू जवळ येऊ लागला की ही रेघ विरायला अधिक वेळ घेते. हाताला सवय झालेला माणूस तोटी कधी आवळायची हे याच खुणेवरून ओळखतो. छायाचित्रात काळ गोठलेला असल्यामुळे ढवळण्यापूर्वीची रेघसुद्धा अंत्यबिंदूसारखी दिसू शकते. आपल्या चित्रात ती शंका नाही, कारण रंग पात्रभर सारखा पसरलेला आहे. अडचण वेगळी आहे. रंग फार गडद आहे.

अंत्यबिंदूचा रंग कसा असायला हवा, हे सामूच्या, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणाऱ्या आकड्याच्या हिशेबाने पाहू. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण 8.3 सामूपासून दिसू लागतो आणि 10 च्या आसपास जवळजवळ पूर्ण भरतो. आम्लात त्याच्या रेणूतील एक कडे बंद असते. अल्कात ते कडे उघडते, रेणूतील इलेक्ट्रॉनांना वावरायला लांबलचक सलग जागा मिळते आणि तो रेणू हिरवा प्रकाश शोषू लागतो; हिरवा वजा झालेला प्रकाश आपल्याला गुलाबी दिसतो.

या मुलांच्या प्रयोगात आम्ल पूर्ण संपायला 10.4 मिलिलीटर अल्क लागते. ब्युरेटचा एक थेंब सुमारे 0.05 मिलिलीटरचा असतो. हिशेब केला तर आम्ल संपायच्या एक थेंब आधी पात्रातील सामू सुमारे 6.3 असतो, नेमके संपते तेव्हा सुमारे 8.3, आणि एक थेंब जास्त पडला की सुमारे 10.4. दोन थेंबांच्या अंतरात दर्शक पूर्ण रंगहीन अवस्थेतून जवळजवळ पूर्ण रंगात येतो. या जोडीसाठी फिनॉल्फ्थॅलीन का निवडतात ते इथे दिसते. त्याऐवजी मिथिल ऑरेंज घेतले असते तर ते सामू 4.4 लाच पिवळे झाले असते. ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा हायड्रोजन पहिल्याइतका सहज सुटत नसल्यामुळे ती अवस्था 8.2 मिलिलीटरच्या सुमारासच येते. म्हणजे दोन मिलिलीटरहून अधिक अल्क पडायचे बाकी असताना दर्शकाने काम संपल्याचे सांगितले असते, आणि तेही एका थेंबात नव्हे तर रेंगाळत.

याच आकड्यांमधून चित्राचा खरा दोष बाहेर येतो. एक थेंब जास्त पडल्यावर सामू 10.4 होतो आणि दर्शकाचे बहुतेक रेणू तेव्हाच रंगीत झालेले असतात. आठ थेंब जास्त पडले तर सामू 11.3 होतो, पण रंग त्यामानाने फारसा वाढत नाही, कारण रंगीत व्हायला दर्शकाचे रेणूच उरलेले नसतात. त्यापुढे रंगाची गडदता आपण दर्शकाचे किती थेंब टाकले यावर अवलंबून राहते, अल्क किती जास्त झाले यावर नाही. म्हणून हा गडद गुलाबी रंग अंत्यबिंदू ओलांडला गेला एवढेच सांगतो. एका थेंबाने ओलांडला की पन्नास थेंबांनी, याबद्दल तो गप्प असतो. प्रमाण सांगणारा रंग फक्त फिकट असतो, आणि कॅमेऱ्यात तो इतका बिचारा दिसतो की चित्र काढणाऱ्याला तो नकोसाच वाटतो.

तो फिकट रंग मिळवण्यासाठी शेवटी अर्धा थेंब टाकतात. तोटी किंचित उघडून टोकाला थेंब लोंबकळू द्यायचा, तो पडण्याआधी पात्राची आतली कड त्याला लावायची आणि ऊर्ध्वपातित पाण्याची बारीक धार सोडून तो खाली द्रवात न्यायचा. अशी छटा ढवळल्यानंतर सुमारे अर्धे मिनिट टिकली की थांबायचे. पुढे काही मिनिटांत ती पुसट होऊन जाते, तेव्हा विद्यार्थी घाबरून आणखी एक थेंब टाकतात, आणि चूक तिथे होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड द्रवात विरघळून त्या नाममात्र जास्तीच्या अल्काला संपवतो, म्हणून रंग जातो. आपले आम्ल तर आधीच संपलेले असते. ‘कायम टिकणारा गुलाबी रंग’ असे काही प्रयोगवह्यांत लिहिलेले असते. ते शब्दशः पाळले तर प्रत्येक वाचन जास्त येईल.

राहता राहिली ब्युरेटची पट्टी. तिचा शून्य वरच्या टोकाला असतो आणि द्रव खाली उतरतो तसा आकडा वाढतो, म्हणजे आपण बाहेर पडलेले द्रावण मोजतो. द्रवाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो आणि त्या खोलगट भागाचा तळ ज्या रेषेशी जुळतो ते वाचन, पण डोळे त्याच पातळीत असले तरच. कॅमेरा जवळपास शंकुपात्राच्या उंचीवर होता. टाइलचा वरचा पृष्ठभाग बारीक पट्टीसारखा दिसतो त्यावरून हे ओळखता येते. ब्युरेटमधील द्रव मात्र बराच वर आहे. पट्टीच्या रेघा काचेच्या पुढच्या बाजूवर आणि द्रवाचा तळ नळीच्या मधोमध, त्यामुळे खालून पाहिले की तो तळ खालच्या, म्हणजे मोठ्या आकड्याच्या रेघेशी जुळल्यासारखा दिसतो. चित्रात मी 11.1 वाचतो. वरून पाहिले असते तर उलट कमी आकडा दिसला असता.

या मुलांची वही मी मागवून पाहिली. तीन वाचने होती: पहिले 10.8, मग 10.4 आणि पुन्हा 10.4. पहिले वाचन अंदाजाचे असते, त्यात अल्क सरसर सोडतात आणि ते हिशेबात धरत नाहीत. छायाचित्र त्याच पहिल्या पात्राचे निघाले. ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रत्येक रेणूतून दोन हायड्रोजन सुटतात, त्यामुळे दहा मिलिलीटर 0.05 मोलार आम्लाला दुप्पट अल्क लागते, म्हणून 10 गुणिले 0.05 गुणिले 2 म्हणजे 1.0, आणि त्याला 10.4 ने भागले की अल्काची तीव्रता 0.0962 मोलार येते. अंदाजाचे वाचन धरले असते तर ती 0.0926 आली असती आणि छायाचित्रावरून वाचले असते तर 0.0901. वहीत मुलांनी 0.0962 लिहिले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पात्राचे चित्र का काढले नाही असे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, त्यात रंग दिसतच नव्हता.”