कुत्र्याचं हृदय कमजोर असेल, तर झोपेतला श्वास मोजा | कोणती गोळी वाढते, कोणती नाही

नमस्कार. ही वही बघा. एका काकूंची आहे, त्यांना विचारून आणली आहे. त्यांचा पॉमेरेनियन बंड्या, वय ११, वजन ५ किलो. रोजची तारीख आणि पुढे एकच आकडा: १९, २१, २०, १८. गाढ झोपेत एका मिनिटात किती श्वास, एवढंच.

बंड्याच्या हृदयाची मिट्रल झडप नीट मिटत नाही. रक्त उलटं फिरतं, हृदयाच्या डाव्या बाजूला दाब वाढतो, तो फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि तिथे पाणी झिरपतं. ओलं झालेलं फुप्फुस नीट फुलत नाही, म्हणून कुत्रा उथळ आणि भराभर श्वास घेतो. बऱ्याचदा धाप आपल्या लक्षात येण्याआधीच हा आकडा चढू लागतो.

आता मोजायचं कसं, ते या व्हिडिओत बघा. बंड्या कुशीवर झोपलाय. बरगड्यांच्या मागची कड वर आली आणि खाली गेली, की झाला एक श्वास. वर एक आणि खाली एक असं मोजलंत तर आकडा दुप्पट येईल, आणि घाबरून आलेले निम्मे फोन याच चुकीचे असतात. पाय झटकत असेल, मिशा थरथरत असतील, तर स्वप्न चालू आहे, थांबा. जीभ बाहेर काढून ल्हा-ल्हा करत असेल तर मोजूच नका. घड्याळ लावून पूर्ण ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. औषधांवर स्थिरावलेला कुत्रा बहुतेक वेळा ३० च्या आतच असतो, पण त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा किती, हे माहीत असणं जास्त उपयोगाचं.

बंड्याला दोन मुख्य औषधं आहेत. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीची गोळी: ४० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, सकाळ-संध्याकाळ. आणि पिमोबेंडन १.२५ मिलिग्रॅम, तेही दोनदा, जेवणाआधी तासभर. पिमोबेंडन हृदयाचं आकुंचन जोरकस करतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. ते वजनानुसार ठरतं. आकडा वाढला म्हणून आज एक जास्त आणि उद्या कमी असं त्याचं करायचं नसतं. श्वासाच्या आकड्यावर हलतं ते फ्युरोसेमाइड.

मार्चमध्ये वहीत २६ आलं, दुसऱ्या दिवशी २९, तिसऱ्या रात्री ३४. काकूंनी तासाभराने परत मोजलं, ३६. मग फोन केला. मी आधी विचारलं, "पिमोबेंडन चुकलं का? उलटीत पडलं का? पापड, फरसाण, खारं काही खाल्लं का?" कारण डोस चुकला असेल, तर आधी तो सुरळीत करायचा असतो. तसं काही नव्हतं. हिरड्या गुलाबी, पोटाने श्वास ओढत नव्हता. अशा वेळी किती द्यायचं, ते आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं: पाव गोळी जादा. पाणी प्यायला मोकळं ठेवलं. दोन तासांत बंड्या तीनदा लघवीला गेला आणि आकडा २८ झाला. आकडा उतरला नसता, किंवा हिरड्या निळसर दिसल्या असत्या, तर त्याच रात्री ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत पाणी दिसलं, तेव्हा पाव गोळी दिवसातून तीनदा केली.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते. फक्त खोकला वाढला म्हणून लघवीची गोळी वाढवू नका. मोठं झालेलं हृदय श्वासनलिकेवर दाबतं, म्हणून खोकला येतो. छोट्या जातींत पुष्कळदा नलिकाच ढिली असते. झोपेतला आकडा २० असेल, तर तो खोकला बहुधा पाण्याचा नाही, आणि जादा गोळीने फक्त मूत्रपिंडं कोरडी पडतील.

डोस वाढवल्यावर १० दिवसांनी रक्त तपासलं: मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, दोन्ही ठीक. पण मे महिन्यात बंड्याला तीन दिवस जुलाब झाले. वहीतला आकडा १८, सुंदर! काकू मात्र म्हणाल्या, "डॉक्टर, आकडा चांगला आहे, पण हा जेवत नाही, नुसता पडून असतो." त्यांचं बरोबर होतं. श्वासाचा आकडा फुप्फुसातलं पाणी सांगतो, शरीर सुकलंय हे सांगत नाही. हिरड्या चिकट लागत होत्या, क्रिएटिनिन वाढलं होतं. दुपारचा डोस बंद केला, पिमोबेंडन तसंच ठेवलं, आणि आठवडाभर आकडा दिवसातून दोनदा लिहायला सांगितला: ३० च्या वर गेला की लगेच फोन.

चौथ्या दिवशी बंड्याने भात-चिकनची वाटी चाटून पुसून संपवली. त्या रात्रीच्या ओळीत काकूंनी लिहिलंय, २३.