रॉड उचलायच्या आधी काठी: पंधरा वर्षांच्या खेळाडूचा ताकदीचा व्यायाम

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात खानापूरकडच्या एका पालकांचा फोन आला. मुलगा नववीत, कबड्डी खेळतो, गावातल्या जिममध्ये जायला लागला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रेनरनं त्याच्या खांद्यावर 20 किलोचा रॉड ठेवला. वडिलांचा प्रश्न होता, "सर, यानं उंची खुंटते काय हो?"

आधी तेवढं सांगून टाकतो. कुणीतरी जाणता समोर उभा असेल आणि व्यायाम नीट शिकवला असेल, तर वजनानं उंची खुंटत नाही. चिंता वेगळीच आहे. त्या पोराला रॉडशिवाय तरी नीट बसता-उठता येतं का, हे कुणी बघितलंच नाही.

म्हणून आज एकच व्यायाम घेऊया, स्क्वॉट. ही माझी पुतणी. वय 15, वजन 46 किलो, शाळेच्या संघात रेडर आहे. कॅमेरा जरा खाली घे रे, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर. तुम्हीही घरी मोबाईल असाच ठेवा, एकदा समोरून, एकदा बाजूनं. वरून शूटिंग केलं की टाच दिसत नाही, आणि चूक तर तिथंच सुरू होते.

आपल्या भागातली पोरं बैठका बघत वाढलेली असतात. तालमीतली बैठक चवड्यांवर असते, टाच उचलते, वेगात होते आणि शंभराच्या हिशेबात मोजतात. ती वाईट नव्हे, तिचं काम निराळं. पण त्याच सवयीनं खांद्यावर वजन घेऊन बसलात तर भार गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर जातो आणि तोलही पुढं जातो. तेव्हा वस्तादांचा मान राखून सांगतो, वजन घेऊन बसताना टाच जमिनीवरच.

आता बघा. पाय खांद्याएवढे लांब, चवडे किंचित बाहेर. दोन्ही टाचांखाली मी वहीचा एकेक कागद ठेवलाय. ती खाली बसली की मी कागद ओढून बघणार. निघाला तर टाच उचलली. ...बस खाली. सावकाश, तीन आकडे मोजत. ...हां, कागद निघाला नाही. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, छाती समोर. आता वर ये.

पहिल्या दिवशी मात्र तिचा कागद सहज निघायचा. मग टाचांखाली दोन सेंटिमीटरची फळी दिली. फळीवर तिचा स्क्वॉट एकदम सुधारला. म्हणजे बसायचं कसं हे तिला कळत होतं, अडत होतं ते घोट्यात. घोटा मोकळा करायला भिंतीजवळ उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, वॉर्मअपमध्येच. फळी देऊनही कुणी पुढं कोसळत असेल, तर त्याला अजून बसणंच शिकवायचं आहे. त्यानं मागं बाकडं ठेवून त्यावर हलकं टेकून उठावं. बाकडं हळूहळू बुटकं करत जायचं.

दुसरी खूण गुडघे आत येण्याची. यात कधी येतात ते बघायचं. पहिल्याच वेळी आत येत असतील तर शिकवणं कमी पडलं किंवा वजन जास्त झालं. पहिले सहा चांगले आणि सातव्याला आत, तर पाय थकलेत, सेट सहालाच थांबवायचा. पोरं म्हणतात, "अजून दोन होतात की सर." होतात, पण बिघडलेले होतात, आणि शरीर तेच लक्षात ठेवतं. सेट संपल्यावर अजून दोन-तीन नीट करता आले असते असं वाटलं पाहिजे.

हिची वाटचाल सांगतो. पहिले तीन आठवडे वजन शून्य. छातीसमोर काठी धरायची, 8 वेळाचे 2 सेट. चौथ्या आठवड्यात 4 किलोचा डंबेल छातीशी उभा धरून तेच. वजन समोर असलं की छाती आपोआप वर राहते, आणि तोल गेलाच तर डंबेल पुढं सोडता येतो. रॉड पाठीवर असताना तेवढं सोपं नसतं. मग सेट 2 चे 3 केले.

वजन वाढवायचा आमचा नियम असा: ठरलेत 8. शेवटच्या सेटमध्ये तिनं 10 केले, दहावाही पहिल्यासारखाच दिसला, आणि लागोपाठच्या दोन दिवशी असं झालं, तरच पुढचं वजन. पण 4 वरून 6 किलो म्हणजे दीडपट. मधला डंबेल आपल्या जिममध्ये सहसा मिळत नाही. म्हणून आधी 12 पर्यंत आकडा नेला, खाली दोन सेकंद थांबायला लावलं, मगच 6 किलो हातात दिला. बाराव्या आठवड्यात ती 10 किलोवर आहे. रॉड अजून नाही. तिच्या मैत्रिणीला कदाचित लवकर मिळेल, त्यात काही नाही.

आता आठवडा. ताकदीचे दिवस दोनच, मंगळवार आणि शुक्रवार. मध्ये निदान एक दिवस रिकामा हवा. प्रत्येक वेळी 40 मिनिटं: वॉर्मअप, स्क्वॉट, बाकड्यावर हात ठेवून जोर, डंबेलनं ओढायचा एक व्यायाम, शेवटी प्लँक. संपलं. कबड्डीचा सराव चार दिवस चालतोच, त्यातच भरपूर पळणं आणि उड्या आहेत. रविवारी सामना असला तर शुक्रवारी एकच सेट. तिसरा दिवस चालतो, पण तो सुट्टीच्या महिन्यात, सराव कमी असताना.

आणि हे कुणी मोजत नाही: लावणी. जुलैत पोरगी दिवसभर भाताच्या वाफ्यात वाकून रोप लावते आणि संध्याकाळी जिमला येते. "काय करूलीस गं?" विचारलं तर म्हणते, "व्यायाम चुकला नको." अगं, तुझ्या कंबरेचा व्यायाम सकाळपासून चाललाय! त्या आठवड्यात पायांचं आणि कंबरेचं काम सोडायचं. जोर आणि प्लँक पुरेत. दहावीच्या परीक्षेच्या महिन्यातही आठवड्याला एक दिवस केला तरी मिळवलेली ताकद बऱ्यापैकी टिकते.

उंची झपाट्यानं वाढत असेल तेव्हाही सबुरी. मुलींमध्ये ते साधारण 11-12 ला, मुलांमध्ये 13-14 ला होतं, पण पुढं-मागं होतंच. दर महिन्याला भिंतीवर पेन्सिलनं खूण करा. खूण भराभर वर सरकत असली की कालपर्यंत जमणारा स्क्वॉट अचानक वेडावाकडा होतो. हाडं लांबलीत, शरीराला नवा अंदाज यायला वेळ लागतो. वजन एक पायरी खाली आणा.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगी जिथं सुरू होते तिथलं हाड दुखतं, दाबलं की कळ येते, कधी उंचवटाही येतो. मांडीचा स्नायू तिथल्या वाढत्या हाडाला ओढत असतो. उड्या कमी करा, दुखत नाही तेवढंच खाली बसा. बहुतेकांचं वाढ पूर्ण झाल्यावर शमतं. पण गुडघा सुजला, अडकला, पोर लंगडायला लागलं किंवा रात्री झोपेत दुखून उठलं, तर व्यायाम बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे.

पुढच्या व्हिडिओत पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकणं घेऊ. त्यासाठी डोक्यापासून माकडहाडापर्यंत पुरेल एवढी सरळ काठी लागेल, शोधून ठेवा.