एका फिर्यादीची सात इंग्रजी वाक्ये

(अनुवादकांच्या मेळाव्यात न्यायालयीन अनुवादातून निवृत्त झालेल्या वक्त्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

आजचा विषय लांब मराठी वाक्य इंग्रजीत तोडण्याची पद्धत हा आहे, आणि ती पद्धत मी शेवटी सांगेन. त्याआधी एक वाक्य ऐका. ते माझ्या कामातल्या एका फिर्यादीच्या वळणावर रचलेले आहे. तपशील बदलले आहेत, घाट तोच ठेवला आहे.

"मी शेतातून घरी येत असता माझा चुलतभाऊ, ज्याच्याशी आमचा बांधावरून वाद चालू असून त्याबाबत तहसील कार्यालयात अर्ज दिलेला आहे, हा विहिरीजवळ उभा राहून मला शिवीगाळ करू लागल्याने मी त्यास समजावण्यास गेलो असता त्याने हातातील काठीने माझ्या डाव्या हातावर मारल्याने मी खाली पडलो व माझी ओरड ऐकून धावत आलेल्या माझ्या पत्नीने त्याच्या हातातील काठी हिसकावून घेऊन फेकून दिली."

ठाणे अंमलदार फिर्यादीला श्वास घेऊ देतो, वाक्याला देत नाही, असे आमच्या कार्यालयात म्हणत. पण या लांबीचा सगळा दोष पोलिसांवर ढकलू नका. मोडी कागदांत विरामचिन्हे नव्हती, शब्दांत अंतरही नसे. वाक्य कुठे थांबले हे क्रियापदाच्या रूपावरूनच कळायचे. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या कोशाच्या कामात सहकारी असलेल्या मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवण्यासाठी पुष्कळ खटपट केली, पण फिर्याद लिहिणाऱ्याच्या हाताला अजून स्वल्पविरामापलीकडचे फारसे काही पचलेले नाही. मराठीला ते जमते, कारण तिचे जोड प्रत्ययांत असतात: 'असता', 'ल्याने', 'ऊन', 'लेला'. इंग्रजी वाक्याला मात्र प्रत्येक वेळी स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद लागते. म्हणून तोडणे भागच आहे. प्रश्न इतकाच, की तोडताना त्या प्रत्ययांचे काय होते.

आता माझे गाऱ्हाणे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने खालच्या न्यायालयातील मराठी कागद अपिलासाठी इंग्रजीत करावे लागतात. अशाच एका अपिलात एका तरुण सहकाऱ्याने असेच वाक्य बारा छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडले होते. इंग्रजी इतके स्वच्छ, की वरिष्ठांनी त्याचे कौतुक केले. शेवटची वाक्ये अशी होती: "ही हिट मी. आय फेल. माय वाइफ केम रनिंग. शी टुक द स्टिक." एकही शब्द चुकीचा नव्हता. 'ओरड ऐकून' हे दोन शब्द मात्र, उघडच आहे म्हणून, त्याने गाळले होते. मूळ कागदाशी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा अपिलाच्या मसुद्यात पत्नीची गणना मारहाण प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांत झालेली होती. मराठीत ती ओरड ऐकून आली, म्हणजे काठी बसताना ती तिथे असल्याचे फिर्यादीने म्हटलेलेच नव्हते. ज्याने मसुदा केला त्या वकिलांचा दोष नव्हता. त्यांच्यापुढे इंग्रजीच होते. मी ते निदर्शनास आणले तेव्हा मला सांगण्यात आले, की वाक्ये छोटी करा ही सूचना माझीच होती. ती माझीच होती, हे खरे. (हशा)

त्या दिवसापासून 'ऊन' या दोन अक्षरांकडे मी संशयाने पाहतो. आपल्या वाक्यात ते पुन्हापुन्हा येते आणि प्रत्येक वेळी वेगळे काम करते. 'वाद चालू असून' मधले 'असून' केवळ 'आणि' आहे. 'उभा राहून' ही क्रिया नसून अवस्था आहे. भाऊ आधी उभा राहिला आणि मग शिव्या देऊ लागला असा त्याचा अर्थ नाही. 'ओरड ऐकून' मध्ये क्रमही आहे आणि कारणही. 'हिसकावून घेऊन' मधले 'घेऊन' तर 'हिसकावून' ला टेकू म्हणून आलेले आहे, आणि 'फेकून दिली' मध्ये कोणी कोणाला काही दिलेले नाही. शाळेत शिकल्याप्रमाणे प्रत्येक 'ऊन' ला 'हॅविंग' लावणारा अनुवादक विहिरीजवळच्या भावाला 'हॅविंग स्टूड' करून ठेवतो, आणि ते वाचणारा न्यायाधीश तो बराच वेळ उभा होता की काय या विचारात पडतो.

'असता' चेही तसेच. 'येत असता' मध्ये येणे चालू आहे; 'गेलो असता' मध्ये जाऊन झालेले आहे. दोन्हीला 'व्हाइल' लावले, तर फिर्यादी चालता चालताच मार खातो.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा कबूल केलेली पद्धत आता भरभर सांगतो. प्रथम पेन्सिलीने प्रत्येक धातुसाधिताखाली रेघ मारावी आणि शेजारी त्याचा कर्ता लिहावा. 'अर्ज दिलेला आहे' इथे कर्ता लिहिता येत नाही, कारण फिर्यादीने तो सांगितलेला नाही. म्हणून इंग्रजीतही कर्मणीच ठेवावे, 'आय फाइल्ड' असे पदरचे घालू नये. मग प्रत्येक प्रत्ययाचा अर्थ लिहावा: वेळ, कारण, अवस्था की नुसता जोड. जिथे कारण आहे तिथे इंग्रजीत कारण दाखवणारा शब्द आलाच पाहिजे. पूर्णविराम तेवढा भार उचलत नाही. त्यानंतरच वाक्ये पाडावीत.

मी केलेली वाक्ये अशी. "आय वॉज कमिंग होम फ्रॉम द फील्ड. माय कझिन वॉज स्टँडिंग निअर द वेल, अँड ही बिगॅन टू अब्यूज मी. वी हॅव अ डिस्प्यूट विथ हिम ओव्हर द फील्ड बंड, अँड अ‍ॅन अ‍ॅप्लिकेशन अबाउट इट हॅज बीन मेड टू द तहसील ऑफिस. बिकॉज ऑफ द अब्यूज, आय वेंट टू रीझन विथ हिम. व्हेन आय डिड, ही हिट माय लेफ्ट आर्म विथ द स्टिक इन हिज हँड, अँड द ब्लो मेड मी फॉल. माय वाइफ हर्ड मी शाउट अँड केम रनिंग. शी स्नॅच्ड द स्टिक फ्रॉम हिम अँड थ्रू इट अवे."

सात वाक्ये. बांधाचा वाद घटनेच्या ओघातून काढून स्वतंत्र वाक्यात आणि वर्तमानकाळात ठेवला, कारण तो त्या दिवशी घडलेला नाही, अजून चालू आहे. 'मारल्याने' साठी 'द ब्लो मेड मी फॉल' घेतले. नाहीतर तो पाय घसरून पडला असे म्हणायला बचाव पक्ष मोकळा.

दोन गोष्टी राहिल्या. 'आरोपीने दारू पिऊन मारहाण केल्याचे साक्षीदाराने सांगितले' हे तोडताना 'द विटनेस सेड' पहिल्या वाक्यात घालावे आणि पुढच्या प्रत्येक वाक्यात त्याची आठवण ठेवावी. 'द अक्यूज्ड वॉज ड्रंक' असे सुटे वाक्य लिहिले, की साक्षीदाराचे म्हणणे अनुवादकाचे म्हणणे होते.

दुसरी गोष्ट नकाराची. 'तिने काठी हिसकावून फेकून दिली नाही' यात तिने काठी हिसकावली की नाही? मराठीत दोन्ही अर्थ निघतात. वाक्य तोडले, की त्यातला एक निवडावाच लागतो, आणि तो निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'शी डिड नॉट स्नॅच द स्टिक अँड थ्रो इट अवे' या एका वाक्यात ती संदिग्धता बरीचशी टिकते, म्हणून तिथे मी तोडत नाही, आणि समासात अनुवादकाची टीप लिहितो. घंटा वाजली आहे. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.