पासष्ट टक्के म्हणजे नेमके किती?

(पटकीच्या तोंडावाटे घ्यायच्या लशीवरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभागृहात सत्तरी ओलांडलेली बरीच मंडळी दिसत आहेत. त्यांना यात्रेच्या आधीची टोचणी आठवत असेल. दंड सुजायचा, रात्री ताप भरायचा, आणि एवढे सोसून मिळणारे संरक्षण मात्र काही महिन्यांत ओसरायचे. हाफकिन यांनी ज्या पटकीच्या लशीचा प्रयोग १८९२ मध्ये आधी स्वतःवर केला, तिचाच तो वारसा होता. अखेर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने परदेश प्रवासासाठीची पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकली. दंडात टोचल्यामुळे प्रतिपिंडे रक्तात तयार होत, आणि पटकीचा जंतू तर लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून तिथेच आपले विष सोडतो. पहारा आतड्यात बसवायचा असेल तर लसही तोंडावाटेच गेली पाहिजे, या विचारातून आजची लस आली. दीड मिलिलिटरची छोटी कुपी, त्यात मारलेले जंतू, आणि किमान १४ दिवसांच्या अंतराने घ्यायचे दोन डोस. एक वर्षाच्या आतील बाळाला ती देत नाहीत.

आता मला एका कुटुंबाविषयी सांगायचे आहे. त्यांच्यामुळेच हा विषय माझ्या मनात घर करून बसला आहे. २०१८ च्या जानेवारीची गोष्ट. झांबियाची राजधानी लुसाका येथे आदल्या ऑक्टोबरपासून पटकीची साथ चालू होती आणि या गृहस्थांना तिथे नोकरी लागली होती. नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा असे चौघे माझ्याकडे आले, तेव्हा विमानाला पाच दिवस उरले होते. मी चौघांनाही पहिला डोस दिला. मुलीने तोंड वाकडे केले, पण गिळला. धाकट्याने तो गालात धरून ठेवला आणि अर्धा आईच्या पदरावर थुंकला, म्हणून दुसऱ्या कुपीतून त्याला थोडा पुन्हा पाजावा लागला. वडिलांनी विचारले, "डॉक्टर, याने किती संरक्षण मिळते?" मी म्हणालो, "साधारण पासष्ट टक्के." आकडा खरा होता, पण त्यांना दिलेले ते उत्तर चुकीचे होते, आणि ती चूक माझी होती.

तीन आठवड्यांनी लुसाकाहून फोन आला. धाकट्याला पहाटेपासून जुलाब होत होते. आधी पिवळसर, मग तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी, आणि सोबत उलट्या. फोन आला तेव्हा तिथे दुपार झाली होती. इतका वेळ का थांबलात, असे मी विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "लस दिली होती ना, म्हणून वाटले हे दुसरे काहीतरी असेल." मी त्यांना पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन सोडायला सांगितला. कातडी हळूहळू खाली बसत होती. डोळे खोल गेले होते आणि पोर मलूल पडले होते. त्याच क्षणी फोन ठेवून, वाटेत चमच्याने जलसंजीवनी पाजत, दवाखाना गाठायला सांगितले. शिरेतून सलाइन लागले, तपासणीत पटकीच निघाली, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा हिंडू-फिरू लागला. उरलेल्या तिघांना काहीही झाले नाही. एकाच घरात, एकच लस घेतलेल्यांमध्ये हा फरक का पडला, याचे उत्तर मी त्या भेटीतच द्यायला हवे होते.

हा प्रसंग सांगताना मी वेळ बराच घेतला आणि संयोजकांची चिठ्ठीही आली आहे, त्यामुळे त्या पासष्ट टक्क्यांचे गणित आता आटोपशीरच मांडतो.

पासष्टचा आकडा कोलकात्याच्या दाट वस्त्यांतील चाचणीतून आला. सुमारे ३२ हजार लोकांना लशीचे आणि सुमारे ३५ हजारांना निरुपद्रवी पर्यायी द्रवाचे दोन-दोन डोस दिले गेले. पहिल्या दोन वर्षांत लस घेतलेल्यांत पटकीचे २० रुग्ण आढळले, दुसऱ्या गटात ६८. दर दहा हजारांमागे पाहिले तर साधारण ६ विरुद्ध १९. म्हणजे लस घेतलेल्या शंभरांपैकी पस्तीस जण आजारी पडतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. जितक्या लोकांना पटकी झाली असती, त्यांतील साधारण दोन तृतीयांशांची टळली, इतकाच अर्थ आहे. पाच वर्षे मोजूनही हे प्रमाण ६५ टक्के राहिले, ही मोठीच गोष्ट आहे.

परंतु ही सरासरी वयानुसार फोडली की चित्र बदलते. पंधरा वर्षांपुढे संरक्षण ७४ टक्के, पाच ते चौदा वयात ६८ टक्के, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांत केवळ ४२ टक्के. तेही दोन डोसनंतर. एकाच डोसची मोठी चाचणी २०१४ मध्ये ढाक्यात झाली. सहा महिन्यांत एकूण ४० टक्के संरक्षण दिसले, मात्र पाच वर्षांखालील मुलांत ते १६ टक्के निघाले, आणि हा आकडा इतका दुबळा होता की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. साथीच्या भागातील मोठ्या माणसांच्या आतड्याने तो जंतू पूर्वी केव्हातरी पाहिलेला असतो, त्यामुळे एक डोस त्यांना उजळणीसारखा पुरतो, पण लहान मुलाची ती पहिलीच ओळख असते. लशीचा तुटवडा असल्याने २०२२ च्या ऑक्टोबरपासून साथ आवरण्यासाठी जगभर एकच डोस देण्याचे धोरण आले. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचायचे असल्याने साथीत ते योग्यच आहे. मात्र ज्याच्या हाती तारीख आहे, त्या प्रवासी कुटुंबाने त्यावर समाधान मानू नये.

म्हणून तारखांचा हिशेब असा करावा. पहिला डोस, १४ दिवसांनी दुसरा, आणि त्यानंतर आतड्यात पहारा उभा राहायला सुमारे दहा दिवस. म्हणजे विमानाच्या आधी किमान २४ दिवस. दुसरा डोस दोन आठवड्यांऐवजी चार आठवड्यांनी घेतला तरी चालतो, त्यामुळे तो लांबला तर पहिला फुकट गेला असे समजून सोडून देऊ नये. साथीच्या भागातच राहणाऱ्या कुटुंबाने घरातील सगळ्या मोठ्यांनी लस घ्यावी. बांगलादेशातील मतलब येथे १९८५ च्या चाचणीची आकडेवारी पुढे पुन्हा तपासली गेली, तेव्हा असे आढळले की ज्या वस्त्यांत निम्म्याहून अधिक लोकांनी लस घेतली होती, तिथे न घेतलेल्यांतही पटकी बरीच कमी होती. धाकट्याला स्वतःच्या डोसातून जे मिळत नाही, त्यातले काही त्याला घरच्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांच्या डोसातून मिळते.

आणि ही लस फक्त पटकीची आहे, बाकीच्या जुलाबांवर तिचा भरवसा धरू नये. पाणी उकळणे, हात साबणाने धुणे यांतले काहीच कमी करता येत नाही. आता मी प्रत्येक कुटुंबाला लशीबरोबर जलसंजीवनीची पाकिटे आणि एक लिटरची खूण केलेली बाटली देतो, कारण एका पाकिटाला मोजून एक लिटर पाणी लागते. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. धुवणासारखा जुलाब दिसला, तर लस घेतली आहे की नाही हा विचार न करता मुलाला घेऊन निघावे, हे वाक्य मी त्या बाटलीवरच चिकटवून देतो.