फोटोवरून ओळखा ग्राइंडरची डिस्क: आरपीएम जुळला म्हणून बसवायची का?

(टेबलावर ४ इंची ग्राइंडर, शेजारी दोन-तीन चकत्या. बोलणारा कॅमेऱ्याकडे.)

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आपल्या शेडमधून बोलतोय, मागे प्रेसचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या.

मांडवीजवळ राहणाऱ्या एका ताईंनी चार फोटो पाठवलेत. माळ्यावर जुना डबा सापडला, त्यात ही काळी चकती. खिडकीच्या ग्रिलचे दोन गज कापायचेत, आणि दिरांचं म्हणणं असं की "वहिनी, आरपीएम जुळतोय, लावून टाकू." आता दीर चुकीचं बोलत नाहीयेत. आरपीएम खरंच जुळतोय. तरीही ही चकती त्या मशीनवर चढवायची नाही. का, ते फोटोंवरूनच बघू.

(स्क्रीनवर पहिला फोटो.)

लेबल निम्मं घासून गेलंय. वाचता येतंय ते एवढंच. एका ओळीत "…५ × १.२ × २२.२३", त्याखाली "ए ६० टी बीएफ", मग "८० मी/से", आणि आरपीएमच्या जागी "१२ २", पुढचे आकडे गेले.

पहिली ओळ म्हणजे मापं, मिलिमीटरमध्ये, आणि क्रम नेहमी हाच: बाहेरचा व्यास, जाडी, मधलं भोक. जाडी १.२, म्हणजे कटिंगची चकती. घासायची चकती साधारण ६ मिलिमीटर जाड असते आणि मध्ये खोलगट असते. ही सपाट आहे. अशा पातळ चकतीने बाजूने घासलं तर ती वाकते आणि फुटते, म्हणून हिच्यावर बाजूने घासण्याच्या चित्रावर फुली मारलेली असते. ताईंना गज कापायचाय, त्यामुळे प्रकार योग्य आहे. भोक २२.२३. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे याचे दोन उपयोग आहेत.

व्यासाचे पहिले आकडे गेलेत, शेवटी ५ उरलाय. या भोकाच्या पातळ चकत्या बाजारात ११५ आणि १२५ अशा दोन्ही मिळतात. मग कुठली? ताईंना सांगितलं, पट्टी लावून मोजा. त्या म्हणाल्या, डबा दिरांकडे गेला, ते परवा येणार. ठीक, फोटोतच मोजू.

फोटोत एक माप आपल्याला आधीच माहीत आहे: भोक, २२.२३. तीच आपली पट्टी. फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि स्क्रीनवर साधी प्लास्टिकची पट्टी धरली. भोक भरलं ३० मिलिमीटर, अख्खी चकती १५५. १५५ भागिले ३०, म्हणजे ५.१७ पट. २२.२३ ला ५.१७ ने गुणलं की ११५ च्या किंचित आत-बाहेर येतं.

इथे दोन ठिकाणी हात फसतो. भोकाभोवती पत्र्याची कडी असते, तिची आतली कड मोजायची, बाहेरची नाही. आणि फोटो तिरका असला तर भोक अंडाकृती दिसतं, त्यासाठी आडवं आणि उभं दोन्ही मोजून बघायचं. ताईंच्या फोटोत दोन्ही सारखेच, म्हणजे फोन बरोबर वरून धरलाय. भोक मोजताना अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर उत्तर साधारण दोन मिलिमीटरने हलतं. ११५ आणि १२५ मधला फरक त्याहून बराच मोठा आहे, तेव्हा एवढी चूक चालते.

म्हणजे ११५ ची चकती? थांबा. आरपीएमचे आकडे काय सांगतात बघा.

(कागदावर लिहीत.)

"८० मी/से" म्हणजे चकतीची कड सेकंदाला जास्तीत जास्त ८० मीटर धावू शकते. किलोमीटरमध्ये तासाला २८८. लेबलवर लाल पट्टा दिसला की तोही याच वेगाचा, निळा असेल तर ५०. आता मिनिटाला ८० गुणिले ६०, म्हणजे ४८०० मीटर. एका फेऱ्यात कड जाते परिघाएवढी. १२५ च्या चकतीचा परीघ ०.३९३ मीटर, ४८०० भागिले तो, म्हणजे साधारण १२,२०० फेरे. ११५ चा परीघ ०.३६१, तिथे १३,३०० च्या आसपास. कंपन्या हाच आकडा थोडा पुढे-मागे करून छापतात. लेबलवर उरलंय "१२ २". म्हणजे जन्माने ही १२५ ची!

मोजलं तर ११५, छापलंय १२५ चं. दोन्ही खरं आहे, चकती वापरलेली आहे. पाच-पाच मिलिमीटर कड झिजलीय. फोटो मोठा करून कडेला बघा. (कड दाखवत.) कोरी चकती कडेला चौकोनी आणि एकसारखी असते. हिची कड करडी, मधेमधे काळी, आणि काचेच्या जाळीचे तंतू बाहेर आलेत. डब्यातल्या वस्तूला "नवीच आहे, पडून होती" म्हणायची आपली सवय असते, म्हणून कड आधी बघायची.

आता एक फसवा हिशेब. झिजून ११५ झाली, मग ती १३,३०० पर्यंत पळायला चालेल, असं कुणी तरी म्हणणारच. कडेचा वेग तेवढाच येतो, पण तरी नाही. चकतीवर छापलेला आकडा तिच्या पूर्ण व्यासासाठीचा आहे आणि झिजली तरी तोच मर्यादेचा आकडा. नऊ इंची मशीनची झिजलेली चकती छोट्या ग्राइंडरवर चढवणारे इथे शेडशेडला भेटतील. तिच्यावर ६,६०० च्या आसपास छापलेलं असतं, छोटं मशीन ११,००० ने फिरतं. कागदावर परिघाचा हिशेब जमवून दाखवतात, आणि गार्ड आधीच काढून ठेवलेला असतो, कारण गार्डमध्ये ती मावतच नाही.

(तिसरा फोटो, मशीनची पाटी.)

हे दिरांचं मशीन. पाटीवर १०० मिलिमीटर, ११,००० फेरे, एम १० स्पिंडल. नियम साधा: मशीनचा आकडा चकतीच्या आकड्यापेक्षा कमी किंवा बरोबर हवा. ११,००० आणि १२,२००, पास. दिरांचं बरोबर.

पण पाटीवर व्यास १०० आहे, आणि चकती झिजूनही ११५. गार्ड १०० साठी केलाय, म्हणजे ही बसवायला गार्ड काढावा लागेल. फुटली तर तुकड्यांना अडवणारा तेवढाच एक पत्रा असतो, तोच काढायचा. माझ्या मते पुढे काही बोलायचं कारण राहत नाही, पण भोकाचा दुसरा उपयोग दाखवतो.

४ इंची मशीनच्या आतल्या फ्लँजवर, म्हणजे चकतीमागच्या गोल टेकूवर, चकती १६ मिलिमीटरवर बसते. आपल्या चकतीचं भोक २२.२३. मध्ये सहा मिलिमीटरची फट, म्हणजे चकती एका बाजूला तीन मिलिमीटर सरकू शकते. नट घट्ट केला की हलत नाही, म्हणून लोकांना वाटतं बसली. पण केंद्र चुकलेलं असतं आणि ११,००० फेऱ्यांना तेवढं मशीन थरथरवायला पुरतं. टेप गुंडाळणं, वायसरचा तुकडा घालणं, हे सगळं मी पाहिलंय. भोक १६ आहे का, एवढं विचारलं की विषय संपतो.

(दुसरा फोटो, मधली कडी.)

आणि ही कडी. तिच्यावर ठोकलंय "व्ही ०७ / २०२३". ही मुदत आहे, उत्पादनाची तारीख नव्हे. "ए ६० टी बीएफ" मधला ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, लोखंडासाठी. ६० म्हणजे दाणा. टी म्हणजे कडकपणा. शेवटचं बीएफ इथे कामाचं. बी म्हणजे दाणे रेझिनने बांधलेत, एफ म्हणजे आत काचेच्या धाग्याची जाळी आहे. रेझिन ओलावा धरतं आणि कमजोर होत जातं, म्हणून बनवल्यापासून तीन वर्षांची मुदत घालतात. वरून सगळं ठणठणीत दिसतं. आपल्याकडे पावसाळ्यात माळ्यावरसुद्धा दमट असतं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या खालच्या मजल्यात शिरलं, त्यांच्या डब्यातल्या चकत्या तारीख न बघता टाकायच्या. बोटाने टकटक करून आवाज ऐकायची पद्धत बेंच ग्राइंडरच्या जाड दगडासाठी आहे, त्या दगडाचा आवाज खणखणीत येतो. ही पातळ रेझिनची चकती धड असली तरी तशी वाजत नाही.

ताईंना उत्तर दिलंय: ही चकती मोडून टाका. अख्खी टाकू नका, नाहीतर भंगारातून ती कुणाच्या तरी मशीनवर चढेल. नवीन घ्या, १०० × १.२ × १६, लोखंडासाठी, आरपीएम १५,००० च्या वर छापलेला, आणि कडीवरची तारीख दुकानात उभं राहूनच वाचा. बसवल्यावर गार्ड लावून, कडेच्या रेषेत कुणी उभं नाही हे बघून, कापण्याआधी एक मिनिट रिकामं फिरवा.

(चौथा फोटो.)

राहिला हा, याच डब्यातला. पत्र्याची चकती, कडेला वेगळ्या धातूचे झळाळते दात. वर "११० × २० × ४०टी" आणि "टीसीटी". ४०टी म्हणजे दात चाळीस, टीसीटी म्हणजे दातांना कार्बाइडचे तुकडे जोडलेत. लाकडासाठीचं पातं, २० मिलिमीटर भोकाचं. यावर छापलाय १३,००० आरपीएम, ग्राइंडरच्या ११,००० पेक्षा जास्त. इथेही आरपीएम जुळतोय! दीर हेच म्हणणार आहेत.

हे पातं ग्राइंडरवर नाही. लाकडात दात अडकला की मशीन हातातून उलटं उसळतं. लाकूड कापायच्या सॉला खाली टेकायची प्लेट आणि त्या पात्यासाठीचा गार्ड असतो. ग्राइंडरला प्लेट नसते, आणि त्याचा गार्ड निम्मं पातं उघडं ठेवतो. हे पातं सॉवर, तेही सॉच्या पाटीवर ११० आणि २० लिहिलेलं असेल तरच, आणि पात्यावरचा बाण मशीनवरच्या बाणाच्या दिशेने ठेवून.

तुम्हाला चकती विचारायची असेल तर तीन फोटो पाठवा: लेबल सरळ वरून, भोकाची कडी जवळून, आणि मशीनची पाटी. पाटीवर धूळ असते, ती आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.